न्यूमोकॉकस फुप्फुसात उतरतो तेव्हा: जन्मजात आणि अर्जित प्रतिकारशक्तीची उजळणी

जन्मजात आणि अर्जित प्रतिकारशक्तीतला फरक दाखवणारा दोन रकान्यांचा तक्ता सगळ्यांच्याच वहीत असतो. डावीकडे ‘लगेच, ढोबळ, स्मृती नाही’ आणि उजवीकडे ‘उशिरा, नेमकी, स्मृती आहे’. तक्ता बरोबरच आहे. पण ‘जिवाणू संसर्गाचं उदाहरण घेऊन स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की तो अपुरा पडतो, कारण या दोन बाजू एकमेकींसाठी काय करतात हे त्यात कुठेच नसतं. मग उत्तरात आधी एक बाजू संपते, नंतर दुसरी सुरू होते आणि रुग्णाचं काय झालं ते राहूनच जातं.

म्हणून ही टिपणं एकाच जिवाणूला धरून लिहिली आहेत: स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, म्हणजे न्यूमोकॉकस. बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी, नर्सिंग किंवा डीएमएलटीच्या पहिल्या वर्षाला एवढी खोली पुरते. वाचताना एक सूत्र डोक्यात असू द्या. या जिवाणूला मारण्याची हत्यारं जन्मजात बाजूकडे पहिल्या तासापासून असतात, पण त्याच्यावर पकड बसत नाही. पकड अर्जित बाजू देते आणि मारण्याचं काम पुन्हा जन्मजात पेशीच करतात.

पायरी १: आधी जिवाणू नीट बघा

थुंकीचा ग्रॅम स्टेन केला की न्यूमोकॉकस जांभळ्या जोड्यांमध्ये दिसतो. जोडीतला प्रत्येक दाणा बाहेरच्या टोकाला भाल्याच्या पात्यासारखा निमुळता असतो आणि जोडीभोवती रंग न घेतलेली मोकळी कड दिसते. ती कड म्हणजे कॅप्सूल, साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण. या साखळीची रचना बदलली की सीरोटाइप बदलतो. आजवर १०० हून अधिक सीरोटाइप ओळखले गेले आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची अँटिबॉडी सहसा दुसऱ्यावर चालत नाही.

तीन गोष्टी इथेच लिहून ठेवा. एक, तो ग्रॅम पॉझिटिव्ह आहे, म्हणजे पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड आहे. दोन, तो पेशींच्या बाहेर राहून वाढतो. तीन, त्याला कॅप्सूल आहे. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या तीन वाक्यांतून निघतात.

पायरी २: संसर्ग होण्याआधीचे अडथळे

हा जिवाणू बऱ्याच जणांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाक-घशात काही त्रास न देता राहत असतो. तो खाली उतरू नये म्हणून चिकट श्लेष्मा, श्लेष्म्याला वर ढकलणाऱ्या सिलिया, खोकला आणि लायसोझाइम एवढी व्यवस्था आहे. श्लेष्म्यात आयजीएही असतं. ती अँटिबॉडी आहे, म्हणजे अर्जित बाजूची, पण उभी असते पहिल्या दारात. ‘अडथळे म्हणजे फक्त जन्मजात’ असं सरसकट लिहू नका. न्यूमोकॉकसकडे हे आयजीए कापणारा प्रोटिएझही असतो.

फ्लू झाला की श्वासनलिकेतलं सिलिया असलेलं अस्तर सोलवटून निघतं आणि जिवाणूला खालची वाट मोकळी होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबईतही कहर केला होता. त्या साथीतले बहुतेक मृत्यू विषाणूच्या मागोमाग आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असं नंतरच्या अभ्यासातून दिसलं.

आता उदाहरणाचा रुग्ण घेऊ. समजा ४५ वर्षांचा एक रिक्षाचालक आहे. आठवड्यापूर्वी त्याला फ्लूसारखा ताप येऊन गेला आणि तो बरा होऊन कामाला लागला. एका रात्री झोपेत घशातला थोडा स्राव उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात उतरला. घड्याळ इथून सुरू करायचं.

पायरी ३: पहिले ४ तास

वायुकोशात आधीपासून राहणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जिवाणूंना भेटतात. त्यांना हा ‘न्यूमोकॉकस’ आहे हे कळत नाही. जिवाणूंमध्ये असतात आणि आपल्या पेशींत नसतात असे काही साचे त्यांना ओळखता येतात. या साच्यांना पॅम्प म्हणतात आणि ते ओळखणाऱ्या रिसेप्टरपैकी टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे टीएलआर, सगळ्यांत परिचित. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूच्या भिंतीतल्या लायपोप्रोटीनसाठी टीएलआर-२ हे नाव लक्षात ठेवा. टीएलआर-४ ची ठरलेली खूण ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंचं एलपीएस, आणि न्यूमोकॉकसमध्ये एलपीएस नसतं. इथे गुण जातात, कारण सवयीने सगळे एलपीएस लिहून मोकळे होतात.

हे रिसेप्टर जन्मतः ठरलेल्या जनुकांतून बनतात आणि तुमच्या-माझ्यात ते जवळपास सारखेच असतात. अर्जित बाजूचे रिसेप्टर मात्र प्रत्येक लिम्फोसाइटमध्ये जनुकांचे तुकडे नव्याने जोडून तयार होतात. दोन बाजूंमधला मुळातला फरक हाच. वेग आणि स्मृती यांतले फरक याच्यातूनच येतात.

जिवाणू थोडे असतील तर मॅक्रोफेज त्यांना इथेच संपवतात आणि रिक्षाचालकाला सकाळी काही कळतही नाही. आपल्या रुग्णात ते जास्त आहेत.

पायरी ४: ४ ते ९६ तास

मॅक्रोफेजना आवरेना की त्या सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना निरोप देणारी प्रथिनं, सोडतात. नावं चार पुरेत. टीएनएफ-अल्फा आणि आयएल-१ जवळच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट आणि सैल करतात. आयएल-८ न्यूट्रोफिलना बोलावतं. आयएल-६ रक्तातून यकृतापर्यंत जातं. आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ मिळून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून शरीराचं तापमान वर चढवून घेतात. थंडी वाजून भरलेला ताप तो हाच.

न्यूट्रोफिल कसे येतात याचा क्रम पाठ हवा. सिलेक्टिनमुळे ते वाहिनीच्या भिंतीवरून घरंगळत राहतात, इंटिग्रिनमुळे घट्ट चिकटतात, अस्तराच्या पेशींमधून बाहेर सरकतात आणि रसायनाच्या वासावर वायुकोशात पोचतात. त्यांच्या मागून प्लाझ्माही गळतो. वायुकोश द्रव, फायब्रिन आणि पेशींनी भरून जातात आणि फुप्फुसाचा तो भाग यकृतासारखा घट्ट होतो. एक्स-रेवर दिसणारा पांढरा डाग म्हणजे न्यूट्रोफिल आणि द्रव यांनी भरलेले हे वायुकोश. जिवाणू इतके सूक्ष्म की एक्स-रेत ते दिसायचा प्रश्नच नाही. रुग्णाला धाप लागते त्यात जिवाणूइतकाच आपल्या प्रतिसादाचा वाटा असतो.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात येतो. ताप १०३, खोकल्याबरोबर गंजाच्या रंगाचा बेडका, श्वास घेताना बरगडीत कळ. समजा त्याचा रिपोर्ट असा आला: पांढऱ्या पेशी १९,००० (नेहमीची मर्यादा साधारण ४,००० ते ११,०००), न्यूट्रोफिल ८८ टक्के, स्मिअरमध्ये बँड पेशी वाढलेल्या, सीआरपी २१० मिलिग्रॅम प्रति लिटर. आता हा रिपोर्ट टिपणांशी जोडा. १९,००० आणि ८८ टक्के म्हणजे अस्थिमज्जेतला न्यूट्रोफिलचा साठा बाहेर काढला गेला आहे. बँड म्हणजे पुरते पिकण्याआधीच बाहेर सोडलेले न्यूट्रोफिल, ज्याला लॅबमध्ये ‘शिफ्ट टू लेफ्ट’ म्हणतात. सीआरपी म्हणजे आयएल-६ यकृतापर्यंत पोचल्याची खूण. ते साधारण ६ ते ८ तासांत वाढू लागतं आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतं. या संपूर्ण रिपोर्टमध्ये अर्जित बाजूचा अजून एकही आकडा नाही.

सीआरपी वाचताना एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, त्यात हाच आकडा २१ असा दिसेल.

आणि सीआरपीचा जन्म याच जिवाणूमुळे झाला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना आढळलं की न्यूमोनियाच्या रुग्णांचा सीरम न्यूमोकॉकसच्या ‘सी’ नावाच्या अंशाबरोबर साका देतो आणि रुग्ण बरा झाला की हा गुण नाहीसा होतो. म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते जिवाणूच्या भिंतीवरच्या फॉस्फोकोलीनला चिकटतं आणि कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांची एकापाठोपाठ एक जागी होणारी साखळी, सुरू करतं. सूज किती आहे हे सांगण्यापुरतंच त्याचं काम नाही, ते स्वतः लढाईत असतं.

पायरी ५: एवढी फौज असूनही जिवाणू का टिकतो

इथे थोडं थांबायला हवं. न्यूट्रोफिल हजारोंनी आले आहेत, ताप आहे, कॉम्प्लिमेंट सुरू आहे, तरी अँटिबायोटिक नसेल तर रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशीही तसाच आजारी राहतो. कारण कॅप्सूल.

कॉम्प्लिमेंटच्या तीन वाटा तुम्हाला माहीत असतील: क्लासिकल, लेक्टिन आणि अल्टर्नेटिव्ह. तिन्ही सी३ वर येऊन मिळतात आणि सी३ तुटून सी३बी तयार होतं. सी३बी जिवाणूच्या पृष्ठभागावर पक्कं चिकटतं. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. सी५ ते सी९ एकत्र येऊन जिवाणूच्या पटलाला भोक पाडणारं मॅक तयार करतात, किंवा फॅगोसाइट आपल्या रिसेप्टरने सी३बी पकडून जिवाणू गिळते.

न्यूमोकॉकसच्या बाबतीत पहिली वाट जवळपास बंद असते, कारण पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत पार करून मॅक आतल्या पटलापर्यंत पोचत नाही. मॅक खरं उपयोगी पडतं ते नायसेरियासारख्या पातळ भिंतीच्या जिवाणूंवर. राहिली दुसरी वाट, म्हणजे ऑप्सोनायझेशन. तिथे गंमत अशी की सी३बी बसतं, पण बरंचसं कॅप्सूलच्या खाली, भिंतीवर. न्यूट्रोफिलचा रिसेप्टर कॅप्सूलच्या बाहेरच्या कडेला येऊन थांबतो आणि खालचं सी३बी त्याच्या हाती लागत नाही. शिवाय न्यूमोकॉकसच्या काही प्रथिनांवर आपलंच फॅक्टर एच येऊन बसतं आणि कॉम्प्लिमेंटची गती मंद करतं.

कुस्तीत घामाने निसटणाऱ्या अंगावर पैलवान आखाड्यातली लाल माती टाकतात, ताकद तीच असते पण पकड बसते. कॅप्सूलवर बसणारी अँटिबॉडी नेमकं हेच काम करते. ती बाहेरच्या पृष्ठभागावर बसते, त्यामुळे तिच्या एफसी टोकाला न्यूट्रोफिलचा रिसेप्टर धरू शकतो. शिवाय ती क्लासिकल वाटेने नवं सी३बी कॅप्सूलच्या वर बसवते, जिथे ते हाताला लागतं. एकाच वेळी दोन कड्या मिळाल्या की न्यूट्रोफिल जिवाणूला आत ओढतो आणि फॅगोलायसोसोममध्ये संपवतो.

या पायरीवर सर्वांत जास्त आढळणारं चुकीचं वाक्य म्हणजे ‘अँटिबॉडी जिवाणूला मारतात’. त्या मारत नाहीत. उत्तरात ‘अँटिबॉडी ऑप्सोनाइझ करते, फॅगोसाइट मारते’ असं लिहा, आणि शक्य असेल तर कॅप्सूल, वर बसलेली आयजीजी आणि न्यूट्रोफिलचा एफसी रिसेप्टर अशी छोटी आकृती काढा. आकृतीत सी३बी कॅप्सूलच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही ठिकाणी दाखवलंत तर परीक्षकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ६: त्याच वेळी लिम्फ नोड आणि प्लीहेत

अर्जित प्रतिसाद चौथ्या दिवशी ‘सुरू’ होत नाही. तो पहिल्याच दिवशी सुरू होतो, परिणाम दिसायला किमान चार दिवस लागतात. डेंड्रायटिक पेशी जिवाणूचे तुकडे घेऊन छातीतल्या लिम्फ नोडकडे निघतात. निघण्याआधी त्यांना टीएलआरकडून धोक्याचा इशारा मिळालेला असावा लागतो. तो नसेल तर त्या टी पेशीला नीट जागं करू शकत नाहीत. म्हणजे जन्मजात बाजूने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय अर्जित बाजू हलत नाही.

उशीर का, याचं कारण गणितात आहे. एखाद्या विशिष्ट अँटिजेनला ओळखणारी कोरी टी पेशी लाखात एक किंवा त्याहूनही विरळ. ती सापडायला हवी, जागी व्हायला हवी आणि मग दिवसाला दोन ते चार वेळा विभागून हजारोंची फलटण व्हायला हवी. याला क्लोनल सिलेक्शन आणि त्यानंतरचं क्लोनल एक्स्पान्शन म्हणतात.

बी पेशींच्या बाबतीत मात्र दोन वेगळ्या वाटा आहेत आणि न्यूमोकॉकस समजायला हा फरक नीट कळायलाच हवा.

पहिली वाट प्रथिनांची. जिवाणूचं प्रथिन, उदाहरणार्थ न्यूमोलायसिन, बी पेशी गिळते, त्याचे पेप्टाइड एमएचसी-२ वर, म्हणजे टी पेशीला तुकडे दाखवणाऱ्या पृष्ठभागावरच्या रेणूवर, मांडते आणि सीडी-४ टी पेशी त्यांना ओळखून तिला मदत करते. मग जर्मिनल सेंटर तयार होतं. तिथे आयजीएमचं आयजीजी होतं, पकड अधिकाधिक घट्ट असलेल्या पेशी निवडल्या जातात आणि स्मृतिपेशी मागे राहतात.

दुसरी वाट साखरेची. कॅप्सूलची साखर एमएचसी-२ वर मांडता येत नाही, कारण तिथे पेप्टाइडच बसतात. त्यामुळे टी पेशीला ती दिसतच नाही. पण साखळीत तोच घटक पुन्हा पुन्हा येत असल्याने एका बी पेशीचे अनेक रिसेप्टर एकाच वेळी गुंततात आणि टी पेशीच्या मदतीशिवायही ती जागी होते. हे काम मुख्यतः प्लीहेच्या मार्जिनल झोनमधल्या बी पेशी करतात. प्रतिसाद लवकर येतो, मुख्यतः आयजीएमचा आणि प्रौढांमध्ये थोड्या आयजीजी-२ चा, पण स्मृती अगदी कमी राहते. दोन वर्षांखालच्या मुलांत ही वाट अजून पक्की झालेली नसते. संपूर्ण विषयात एकच परिच्छेद पाठ करायचा असेल तर हा करा.

सीडी-८ टी पेशींचं नाव मोह होऊनही इथे पुढे करू नका. न्यूमोकॉकस पेशीबाहेर राहतो, त्यामुळे मारेकरी टी पेशीला धरायला संसर्ग झालेली पेशीच फारशी नसते. क्षयाचा जिवाणू पेशीच्या आत राहतो, तिथे टी पेशींची कथा वेगळी आहे. सीडी-४ पैकी टीएच-१७ पेशींचा उल्लेख मात्र करा. त्या आयएल-१७ सोडून आणखी न्यूट्रोफिल बोलावतात, म्हणजे इथेही अर्जित बाजू जन्मजात बाजूलाच कामाला लावते.

पायरी ७: सातव्या दिवसाच्या आसपास

अँटिबायोटिक येण्याआधीच्या काळात लोबर न्यूमोनियाचा तापाचा तक्ता ओळखीचा होता. ताप चढा राहायचा आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान कधीतरी काही तासांत दरदरून घाम फुटून खाली यायचा. डॉक्टर याला ‘क्रायसिस’ म्हणत आणि घरचे लोक त्याची वाट बघत बसत. अनेक रुग्ण तिथवर पोचतच नसत. जे पोचत त्यांच्या रक्तात त्याच सुमारास त्या सीरोटाइपच्या कॅप्सूलविरुद्धच्या अँटिबॉडी दिसू लागत. न्यूट्रोफिल पहिल्या दिवसापासून तिथे होतेच. नवं काही आलं असेल तर ती पकड.

ही पकड मायक्रोस्कोपखाली दिसते. १९०२ मध्ये जर्मनीत फ्रेड नॉयफेल्ड यांनी पाहिलं की न्यूमोकॉकसमध्ये त्याच्याच प्रकाराचा अँटिसीरम मिसळला की जिवाणूभोवतीची कड ठळक होऊन फुगल्यासारखी दिसते. दुसऱ्या प्रकाराचा सीरम टाकला तर काहीच होत नाही. कॅप्सूलवर अँटिबॉडी बसल्याने तिचा प्रकाशाशी वागण्याचा ढंग बदलतो. या क्वेलुंग चाचणीने अमेरिकेत १९३० च्या दशकात बेडक्यातला प्रकार ओळखून रुग्णाला त्याच प्रकाराचा घोड्याचा किंवा सशाचा सीरम दिला जाई. म्हणजे शरीर सातव्या दिवशी जे बनवेल ते दुसऱ्या दिवशीच बाहेरून द्यायचं. दशकाच्या शेवटी सल्फा औषधं आणि मग पेनिसिलिन आलं, आणि सीरम मागे पडला.

आपला रिक्षाचालक आजचा आहे. त्याला दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. हा ‘क्रायसिस’ नाही, औषधाने जिवाणू मेल्याचा परिणाम आहे. केस स्टडीत औषध दिलेलं असेल तर तापाच्या उताराचं श्रेय अँटिबॉडीला देऊ नका. आणि खऱ्या आयुष्यात सातव्या दिवसाची वाट बघण्यात काही अर्थ नाही. न्यूमोनियाचा संशय आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पायरी ८: दुसरी भेट आणि लस

प्राथमिक प्रतिसादात आधी आयजीएम, मग आयजीजी. दुय्यम प्रतिसाद लवकर येतो, पातळी बरीच वर जाते, आयजीजी प्रमुख असतं आणि पकड अधिक घट्ट असते. हा आलेख सगळे काढतात. त्याखाली एक ओळ जोडा: हा आलेख टी पेशींची मदत मिळालेल्या प्रतिसादाचा आहे. नुसत्या कॅप्सूल-साखरेला तो नीट लागू होत नाही. शिवाय प्रकार बदलला की कॅप्सूलपुरती सुरुवात पुन्हा जवळपास शून्यातून.

मग दीड महिन्याच्या बाळाला कॅप्सूलविरुद्ध स्मृती कशी द्यायची? २३ प्रकारांच्या नुसत्या साखरेची लस आहे, पण ती दोन वर्षांखाली चालत नाही. उत्तर कॉंज्युगेट लसीत आहे, जिला आपण पीसीव्ही म्हणतो. साखर एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडतात. सीआरएम-१९७ हे त्यातलं नेहमीचं प्रथिन, घटसर्पाच्या विषाचं निर्विष केलेलं रूप.

पुढचा क्रम सावकाश वाचा. साखर ओळखणारी बी पेशी साखरेला धरते, पण गिळताना जोडलेलं प्रथिनही आत जातं. आत त्या प्रथिनाचे तुकडे होऊन एमएचसी-२ वर येतात. प्रथिन ओळखणारी टी पेशी ते बघते आणि या बी पेशीला मदत करते. बी पेशी मात्र अँटिबॉडी बनवते ती साखरेविरुद्धच. दोघी वेगवेगळी गोष्ट ओळखतात, पण ती एकाच कणावर जोडलेली असते. साखर आणि प्रथिन एकाच सिरिंजमध्ये नुसतं मिसळून दिलं तर हे होणार नाही, बंध हवाच.

भारताच्या लसीकरण कार्यक्रमात पीसीव्ही ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना बूस्टर असं दिलं जातं. २०१७ मध्ये काही राज्यांपासून सुरुवात होऊन २०२१ मध्ये ती देशभर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची १० प्रकारांची लस २०२० च्या डिसेंबरमध्ये भारतात आली. मर्यादा सूत्रातूनच कळते: लसीत १० प्रकार, जिवाणूचे १०० हून अधिक. लसीबाहेरचे प्रकार नाक-घशातली मोकळी झालेली जागा घेऊ शकतात, म्हणून कोणते प्रकार वाढत आहेत यावर लक्ष ठेवावं लागतं.

पायरी ९: काय बिघडलंय ते ओळखा

उजळणीचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे साखळीतली एक कडी काढून बघणं. खालचे रुग्ण आधी स्वतः सोडवा, मगच पुढचं वाचा.

*आठ वर्षांचा मुलगा, पुन्हा पुन्हा न्यूमोकॉकसचा रक्तसंसर्ग, न्यूट्रोफिल व्यवस्थित.* १९५२ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी अशाच मुलाची नोंद केली. सीरमच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये गॅमा ग्लोब्युलिनची जागा रिकामी होती. हत्यारं आहेत, पकड नाही. बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन दिल्यावर संसर्ग आटोक्यात आले. या आजाराची मुलं पहिले काही महिने ठीक का असतात, असा पुढचा प्रश्न येतो. आईचं आयजीजी वारेतून आलेलं असतं आणि ते साधारण सहा महिन्यांत संपत येतं.

*सिकलसेलचा मुलगा, अचानक तीव्र ताप, काही तासांत शॉक.* विदर्भ आणि नंदुरबार भागात नर्सिंग करणाऱ्यांना हा रुग्ण पुस्तकाबाहेरही भेटतो. सिकलसेलमध्ये वारंवार रक्तपुरवठा अडून प्लीहा लहानपणीच निकामी होते. इथे दोन कड्या एकदम तुटतात: साखरेला लवकर उत्तर देणाऱ्या मार्जिनल झोनच्या बी पेशी जातात आणि नीट ऑप्सोनाइझ न झालेले जिवाणूही रक्तातून गाळणारी जागा जाते. अपघातात प्लीहा काढावी लागलेल्या माणसाचंही हेच. म्हणून अशांना न्यूमोकॉकसची लस आणि ताप आला की तातडीने उपचार.

*लहान मुलगा, स्टॅफिलोकॉकसचे गळू आणि बुरशीचे संसर्ग, पण न्यूमोकॉकसचा त्रास नाही, अँटिबॉडी भरपूर.* न्यूट्रोफिल गिळतात पण आत मारता येत नाही: क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीझ, ज्यात मारायला लागणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवण्यासाठीचं एनएडीपीएच ऑक्सिडेझ बिघडलेलं असतं. मग न्यूमोकॉकसच का सुटत नाही? त्याच्याकडे पेरॉक्साइड तोडणारं कॅटालेझ नसतं आणि तो स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. न्यूट्रोफिलला जे बनवता येत नाही ते जिवाणूच पुरवतो.

*कॉम्प्लिमेंटची कमतरता.* सी३ नसेल तर न्यूमोकॉकसचे संसर्ग, कारण ऑप्सोनायझेशन जातं. सी५ ते सी९ पैकी काही नसेल तर नायसेरियाचे, कारण मॅक जातं. पायरी ५ कळली असेल तर हे पाठ करावं लागत नाही.

*दोन वर्षांची मुलगी, न्यूमोकॉकसचा मेनिंजायटिस, पण ताप जेमतेम आणि सीआरपी सुरुवातीला जवळपास नेहमीसारखं.* रिपोर्ट बघून ‘जिवाणू नसावा’ असं वाटायला लावणारा हा दुर्मीळ आजार म्हणजे आयआरएके-४ किंवा मायडी-८८ ची कमतरता. टीएलआरला जिवाणू दिसतो, पण इशारा पेशीच्या आत पुढे जात नाही. त्यामुळे आयएल-६ नीट वाढत नाही, म्हणून ताप आणि सीआरपी उशिरा किंवा कमी वाढतात. हीच मुलं जगून पौगंडावस्थेत पोचली की असे गंभीर संसर्ग बहुतेक थांबतात. इशाऱ्यातला दोष तसाच राहतो. फरक एवढाच की तोवर एकेका जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडी जमत आलेल्या असतात आणि न्यूट्रोफिलला पकड मिळालेली असते.